श्रद्धांजलीचा मजकूर छापण्याआधी: नाव, पद, तारीख आणि वेलांटी

प्रश्न: आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका गेल्या आठवड्यात वारल्या. शोकसभेत वाचायचा मजकूर मीच लिहिलाय आणि तोच चार पानी स्मृतिपत्रिकेत छापायचा आहे. दोनदा वाचून काढला, तरी धाकधूक आहे. नाव, पद, साल, शुद्धलेखन यात काही चुकलं तर घरच्यांना तोंड दाखवायची सोय राहणार नाही. छपाईला तीन दिवस आहेत. नेमकं कसं तपासू?

तिसऱ्यांदा वाचू नका. आपणच लिहिलेला मजकूर वाचताना डोळे अक्षरांवरून फिरतात आणि वाचतं मन, आणि मनातलं वाक्य नेहमी शुद्धच असतं. त्यापेक्षा मजकुराची एक प्रत काढा, लाल पेन घ्या आणि प्रत्येक नाव, पद, पदवी, तारीख, आकडा, नातं आणि पुरस्कार यांना गोल करा. गोलांना क्रमांक द्या. मग वहीत चार रकाने आखा: मजकुरात काय आहे, कागदात काय आहे, कोणी सांगितलं, छापायचं काय. दोन पानांच्या साध्या मजकुरातही चाळीसेक गोल सहज निघतात. इथून पुढे लेख बाजूला ठेवायचा आणि फक्त वही चालवायची.

स्मरणिका आणि गौरवग्रंथांची मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशाच एका मुख्याध्यापिका बाईंचं काम माझ्याकडे आलं होतं. तुमच्याशी जुळणारं आहे, म्हणून तेच उलगडून सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि तारखा बदलल्या आहेत. चुका मात्र जशाच्या तशा आहेत आणि त्यातली पहिली माझी स्वतःची आहे.

मजकुरात बाईंचं नाव ‘सुनिता’ असं आलं होतं. मी शुद्धलेखनाच्या सवयीने ‘नि’ दीर्घ केला, सगळीकडे. सुनीता हेच बरोबर, यात वाद नाही. मुद्रित घरी गेल्यावर मुलीचा फोन आला: “आईने आयुष्यभर ऱ्हस्व काढलाय हो, आता जाता जाता तिचं नाव का बदलता?” तिने बाईंच्या वहीतल्या सहीचा फोटो पाठवला. सही ऱ्हस्वच होती. त्या दिवसापासून माझा नियम असा, की व्याकरण मजकुराला लागतं, व्यक्तीच्या नावाला नाही. दिपक, शितल, सुनिता अशी सही करणाऱ्याचं नाव तसंच छापायचं, मग बाजूच्या ओळीत ‘दीपप्रज्वलन’ दीर्घ का असेना.

नावासाठी पुरावा कोणता धरायचा? पहिला मान सहीला. त्यानंतर त्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचं शीर्षकपान किंवा त्यांनीच छापून घेतलेलं लेटरहेड. सरकारी ओळखपत्रावरच्या मराठी नावावर विसंबू नका. ते पुष्कळदा इंग्रजी अक्षरांवरून लिप्यंतर होऊन आलेलं असतं आणि इंग्रजीत ‘ट’ आणि ‘त’, ‘ण’ आणि ‘न’ एकच. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचाही तितकाच भरवसा. तीन ठिकाणी सारखंच छापून आलं म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही. बहुधा एकच मेसेज तिघांनी उतरवलेला असतो.

बाईंच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. मजकुरात बी.ए.चं साल होतं, पण पदवी प्रमाणपत्रावर नाव माहेरचं. लिहिणाऱ्याला ते प्रमाणपत्र दुसऱ्याच कोणाचं वाटलं आणि त्याने साल अंदाजाने टाकलं. स्त्रीच्या चरित्रातला लग्नाआधीचा कुठलाही दाखला शोधायचा असेल, तर माहेरचं पूर्ण नाव आधी विचारून घ्या. आणि सालाबद्दल म्हणाल, तर परीक्षा एका साली होते, पदवीदान समारंभ पुष्कळदा पुढच्या साली. दोन्हीपैकी एकच धरा आणि मजकुरभर तेच चालवा.

आता पदं. मजकुरात वाक्य होतं: ‘१९८१ पासून निवृत्तीपर्यंत त्या मुख्याध्यापिका होत्या.’ घरचे, माजी विद्यार्थी, सगळे हेच सांगत होते. सेवापुस्तक उघडलं तर १९८१ ते ८३ त्या प्रभारी मुख्याध्यापिका होत्या, कायम नेमणूक १९८३ ची. यात बाईंचं काही कमी होत नाही. पण त्या दोन वर्षांत कागदोपत्री मुख्याध्यापक असलेले, दीर्घ रजेवर गेलेले सर अजून हयात होते आणि सभेला पहिल्या रांगेत बसणार होते. आम्ही लिहिलं: ‘१९८१ मध्ये प्रभारी म्हणून त्यांनी शाळेची सूत्रं हाती घेतली आणि १९८३ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या.’ पदासाठी कागद हा असा लागतो: सेवापुस्तक, नेमणूकपत्र किंवा संस्थेचं इतिवृत्त. लोकांच्या आठवणीत प्रभारी, उप आणि सह हे शब्द टिकत नाहीत. ‘संस्थापक सदस्य’चा ‘संस्थापक’ व्हायलाही वेळ लागत नाही. हा शब्द आला की संस्थेच्या नोंदणीच्या कागदावरची नावं बघाच.

नावाआधीच्या उपाध्यांचंही पाहून घ्या. ‘डॉ.’ असेल तर कशामुळे, हे वहीत लिहा: वैद्यकीय, पीएच.डी. की मानद. मानद असेल तर मजकुरात एकदा तसं म्हणा. ‘श्री. डॉ.’ असं दुहेरी लावू नका. पद्म पुरस्कार मिळालेल्यांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ लावायची सवय सगळीकडे आहे, पण हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि नावाच्या पुढे-मागे जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. वाक्यात सांगा: ‘अमुक साली पद्मश्रीने सन्मानित’. सन्मानही पोचतो आणि बोटही ठेवता येत नाही. इतर पुरस्कारांबाबत एकच पाहा, देणारा कोण. ‘आदर्श शिक्षक’ या नावाचा पुरस्कार शासनापासून स्थानिक मंडळापर्यंत कोणीही देतं. बाईंना तो दोनदा मिळाला होता, दोन वेगळ्या संस्थांकडून, आणि मजकुरात दोन्हींचा मिळून एक झाला होता. भिंतीवरची सन्मानपत्रं फोटो काढून मागवली तेव्हा कळलं.

‘कै.’ हा छोटासा शब्द मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. मजकुरात जितक्या माणसांची नावं आहेत त्या प्रत्येकासमोर वहीत ‘हयात’ किंवा ‘दिवंगत’ लिहायचं, आणि ते घरच्यांपैकी दोघांना वेगवेगळं विचारायचं. हयात माणसाला ‘कै.’ लागणं याला माफी नसतेच. पण उलटही होतं. ‘त्यांच्या पश्चात दीर, जाऊ…’ असं लिहून जातो आणि दीर दोन वर्षांपूर्वी गेलेले असतात. पश्चातची यादी तोंडी घेऊ नका. घरातल्या एकाने लिहून द्यावी, दुसऱ्याने वाचून सही करावी. दुःखात असलेल्या घरात हे मागायला जड जातं, पण यादीतून सून राहिली तर त्याहून जड जातं.

तारखांकडे जरा सावकाश जाऊ, कारण इथे सगळे खरं सांगत असतात आणि तरी मेळ बसत नाही.

बाईंची जन्मतारीख मुलाने ९ ऑगस्ट १९४१ सांगितली. शाळेच्या दप्तरी १ जून १९४१. त्या पिढीत दाखल्यावर १ जून दिसली की ती शाळाप्रवेशासाठी लावलेली तारीख असण्याचा संभव मोठा, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. घरात जुनी पत्रिका निघाली, तीत शके १८६३ होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४१, साल जुळलं. मात्र जन्म १ जानेवारी ते पाडव्याच्या आधीचा असेल तर ७९ मिळवावे लागतात. शिवरायांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला. ७८ मिळवले तर १६२९ येतं, खरी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शिवाय पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनचा जन्म असेल तर पत्रिकेतला वार आणि इंग्रजी तारखेचा वार एकाने मागे-पुढे दिसेल. ती चूक नव्हे.

मग छापायची कोणती? आम्ही घरची तारीख छापली, कारण वाढदिवस त्याच दिवशी होत असे. पण निवृत्तीची तारीख दप्तरी जन्मतारखेवरून ठरते, हे विसरलं की घोळ होतो. लिहिणाऱ्याने ९ ऑगस्टवरून हिशेब करून ‘ऑगस्ट १९९९ मध्ये निवृत्त’ असं लिहून टाकलं होतं. दप्तरी जन्म १ जूनचा, निवृत्तीचं वय ५८, आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून सेवापुस्तकात ३१ मे १९९९ होतं, आणि तेच छापलं.

त्यापुढे ‘३५ वर्षांची सेवा’. रुजू १५ जून १९६४, निवृत्त ३१ मे १९९९. म्हणजे ३४ वर्षं आणि साडेअकरा महिने. ३५ म्हणणं खोटं नाही, कारण १९६४-६५ पासून १९९८-९९ पर्यंत शैक्षणिक वर्षं मोजली तर बरोबर ३५ भरतात. नुसती वजाबाकी केली तर ९८ वजा ६४ म्हणजे ३४ येतील. पहिलं वर्षही धरायचं असल्याने एक वाढतं. खांब मोजायचे की खांबांमधलं अंतर, एवढाच प्रश्न आहे, आणि मजकुरात जो आकडा येईल तो कशाचा हे वहीत लिहून ठेवायचं. आम्ही ‘३५ शैक्षणिक वर्षं’ असं छापलं.

वयाचं तर विचारूच नका. बाई २ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. मजकुरात एका ठिकाणी ‘वयाच्या ८१व्या वर्षी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘त्या ८१ वर्षांच्या होत्या’. पहिलं बरोबर, दुसरं चूक. ऑगस्ट २०२१ ला ८० पूर्ण झाली होती, म्हणजे ८१वं वर्ष चालू होतं. सालातून साल वजा करणारा इथे हमखास फसतो. न्यायमूर्ती रानड्यांचं बघा: जन्म १८ जानेवारी १८४२, मृत्यू १६ जानेवारी १९०१. वजाबाकी ५९ सांगते, पण एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. पूर्ण झालेली वर्षं ५८. उलट टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा आणि मृत्यू १ ऑगस्ट १९२० चा, त्यामुळे ६४ पुरी होऊन पासष्टावं लागलं होतं. दोन्हींत फरक आहे तो वाढदिवस गेला की राहिला, एवढाच. ‘व्या’ आणि ‘वर्षांच्या’ यांपैकी एकच रचना निवडा आणि दोन्ही पानांवर तीच ठेवा.

सगळ्या तारखांचे महिने अक्षरांत लिहा. ०३/०७ हे कोणी तीन जुलै वाचेल, कोणी सात मार्च. वार छापणार असाल तर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्या सालात जाऊन बघा, अर्धं मिनिट लागतं.

मजकुराचं शुद्धलेखन, म्हणजे नावं सोडून बाकीचं, हा भाग त्या मानाने सोपा, कारण श्रद्धांजलीत चुकणारे शब्द ठरलेले आहेत. पहिला शब्द शीर्षकातच: श्रद्धांजली. यात आधी द, मग ध. ‘श्रध्दांजली’ असं उलटं जोडाक्षर मोठ्या टाइपात छापलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता कोणतंही पत्रक हातात आलं की आधी तिथेच नजर जाते. स्मृती एकटा असताना दीर्घ, समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व: स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह. पण शेवटी आला की दीर्घ, म्हणून पुण्यतिथी. ज्येष्ठ, उज्ज्वल, आशीर्वाद, शुश्रूषा, प्रीत्यर्थ हे पाच शोधून बघा. आणि ‘दुःख’मध्ये विसर्ग आहे की कोलन टाइप झालाय, ते पाहा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण कोलन असेल तर ओळीच्या टोकाला ‘दु:’ वर आणि ‘ख’ खाली, असं तुटू शकतं.

एवढं सगळं बरोबर करून मजकूर छापखान्यात जातो आणि तिथे पुन्हा बिघडतो. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता. अक्षरजुळणीवाल्याकडे पुष्कळदा जुने फॉन्ट असतात, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून जातो. त्यात साधी अक्षरं नीट येतात आणि नेमकी नावांतली अवघड अक्षरं घसरतात. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ घ्या. यातला ‘ऱ्ह’ नीट उतरला नाही तर त्याचा रफार होतो आणि छापून येतं ‘गोर्हे’. ‘ज्योत्स्ना’चं ‘ज्योत्सना’ होतं. कधी ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, कधी अनुस्वार गळतो आणि ‘शिंदे’ ‘शिदे’ होतात. म्हणून तुमची फाइल कितीही तपासलेली असो, तिला अंतिम समजू नका. वही पुन्हा एकदा चालवायची ती छापखान्याच्या पीडीएफवर, आणि तीही कागदावर काढून. पीडीएफमध्ये नाव शोधून ‘सापडलं, म्हणजे बरोबर’ असंही धरू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधाला नीट सापडतच नाही.

हे शेवटचं तपासणं दोघांनी करायचं. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात छापील प्रत. वहीवाल्याने अक्षर फोडून वाचायचं: “सु ऱ्हस्व, नि ऱ्हस्व, ता.” प्रतवाल्याने त्या अक्षरावर पेन्सिलीचं टोक ठेवून खूण करायची. कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो. चूक निघाली आणि त्यांनी दुरुस्त करून दिली, तर फक्त तो शब्द बघून सोडू नका. अख्खा परिच्छेद पुन्हा वाचा, कारण दुरुस्ती करताना शेजारची ओळ हलते. माझ्या अनुभवात शेवटच्या दुरुस्तीत शिरलेल्या चुका पहिल्या मुद्रितातल्या चुकांपेक्षा जास्त जिव्हारी लागतात, कारण त्यानंतर कोणी बघतच नाही. फोटोंखालच्या ओळी आणि मुखपृष्ठ यांचेही गोल वहीत हवेत. लोक आतला मजकूर तपासतात आणि मुखपृष्ठ नुसतं निरखतात.

व्यासपीठावर वाचायची प्रत वेगळी काढा. छापील पत्रिकेतून वाचायला देऊ नका. अक्षर १८ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, आणि कोणतंही नाव दोन ओळींत तुटणार नाही अशी मांडणी. या प्रतीत संक्षेप ठेवायचे नाहीत. ‘प्रा.’ कोणी प्राध्यापक वाचतं, कोणी प्राचार्य. ‘ॲड.’ पुढे थबकणारेही मी पाहिलेत. सगळं पूर्ण लिहा. सालं आणि वय अक्षरांत: एकोणीसशे एकेचाळीस, एकोणीसशे त्र्याऐंशी. मराठी आकडे घाईत फार फसवे आहेत. ६९ दिसलं की तोंडातून एकोणसाठ निघून जातं, आणि माइकवर गेलेला आकडा परत घेता येत नाही.

उच्चारांचं मात्र लिपीकडून काही कळत नाही, ते विचारावंच लागतं. ‘जाधव’मधला ज आणि ‘जोशी’मधला ज वेगळे, पण लिहायला एकच. ओळखीच्या आडनावांत हे आपोआप जमतं. अनोळखी आडनाव किंवा गावाचं नाव आलं की च, ज, झ यांच्याखाली पेन्सिलीने टिंब करा आणि त्या घरातल्या माणसाला फोनवर एकदा म्हणायला सांगा. मग वाचणाऱ्याकडून सगळा मजकूर नव्हे, फक्त नावं सलग तीनदा मोठ्याने म्हणून घ्या.

सभेच्या दिवशी कोणीतरी चिठ्ठी आणून देईलच: “एवढं एक नाव घाला.” ते नाव तपासलेल्या प्रतीत घुसडू नका. चिठ्ठी देणाऱ्याकडून पूर्ण नाव, पद आणि उच्चार तिथल्या तिथे विचारून चिठ्ठीवरच स्वच्छ लिहून घ्या आणि ती सूत्रसंचालकाकडे द्या. त्यांनी ते शोकसंदेशांबरोबर वाचावं.